पोस्टरवर तारीख कुठे आहे?
(आपल्या समाजाच्या नाट्यविभागातील तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



मी राज्य सरकारच्या नोकरीत आरेखक आहे. डिप्लोमा सिव्हिलचा, कलाशाखेचा नाही. तरीही नाटकाच्या पोस्टरवर बोलायला उभा आहे, कारण गेल्या खेपेचं पोस्टर मीच केलं होतं आणि ते फसलं होतं.

नाटक होतं आचार्य अत्र्यांचं ‘मोरूची मावशी’. प्रयोग १९ जानेवारीला, रविवारी. पोस्टर देखणं झालं, सगळ्यांनी वाखाणलं. पण ११ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, एक आजोबा आजींना घेऊन रिक्षाने सभागृहावर आले. फाटकाला कुलूप. रखवालदाराने मला फोन लावून दिला. आजोबा एवढंच म्हणाले, “अहो, तुमच्या पोस्टरवर ११ लिहिलंय.” लिहिलं १९ होतं. पण देवनागरी १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात, आणि मी तारीख बोटाच्या पेराएवढी, तीही फोटोवर पिवळ्या रंगात टाकली होती. वार तर लिहिलाच नव्हता. नुसतं ‘रविवार’ असतं, तर ११ ला शनिवार आहे हे त्यांच्या घरच्या कॅलेंडरनेच सांगितलं असतं. म्हणून पहिला नियम: तारखेआधी वार, आणि तोही तारखेएवढाच मोठा.

आता अक्षर किती मोठं हवं? पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा की, दहा फुटांवरून सहज वाचायचं असेल तर अक्षर एक इंच उंच हवं. म्हणजे तीन मीटरला अडीच सेंटिमीटर. आपला फलक जिन्याजवळ आहे, माणसं चार-पाच मीटरवरून जातात. तिथे तारखेला चार सेंटिमीटर लागतात.

आपण ए-थ्री कागद वापरतो, साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटर. उंचीची वाटणी करू. वर-खाली दीड-दीड सेंटिमीटर कोरं. वरचे १८ सेंटिमीटर नाटकाचं नाव आणि एकच फोटो. त्याखाली १६ सेंटिमीटरचा पट्टा, एकरंगी, फोटोशिवाय. त्यात चार ओळी: ‘रविवार १९’ चार सेंटिमीटर; मग महिना आणि वेळ, मग ठिकाण, मग तिकीट, प्रत्येकी अडीच. ओळींमध्ये दीड-दीड सेंटिमीटर मोकळे सोडा, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो. ओळी चिकटल्या की ते एकमेकांत अडकतात. उरलेले पाच सेंटिमीटर कलाकार आणि देणगीदारांना.

अडीच सेंटिमीटरच्या ओळीत बारा-तेरा अक्षरंच मावतात. त्यामुळे पूर्ण पत्ता बसणार नाही, आणि बसवूही नका. ‘समाज सभागृह’ एवढं मोठं, बाकी पत्ता खाली लहान.

तिकिटाच्या ओळीत आपण ‘देणगी प्रवेशिका’ लिहितो. गेल्या वेळी कित्येकांना वाटलं, देणगी ऐच्छिक आहे. दारावर वाद झाले. सरळ ‘तिकीट ₹१००’ लिहा, आणि ते कुठे मिळेल ते त्याखाली.

आमच्या नकाशांवर नाव, मोजमाप, तारीख यांचा चौकोन नेहमी खाली उजव्या कोपऱ्यात असतो. नकाशाची घडी घातली तरी तो वर दिसतो, शोधावा लागत नाही. पोस्टरचंही तसंच करा. पट्टा दरवर्षी त्याच जागी, ओळींचा क्रम तोच. चित्र बदलू दे.

यात खरी अडचण कागदाची नाही, आपल्या माणसांची आहे. कुणी काका म्हणतील, अध्यक्षांचा फोटो घ्या. कुणी म्हणेल, देणगीदाराचं नाव मोठं करा. गेल्या वेळी मी सगळ्यांचं ऐकलं आणि जागा तारखेची गेली. आता सांगा, फोटो स्मरणिकेत येईल, देणगीदारांचा फलक रंगमंचाशेजारी लावू. पण पट्ट्यातली जागा कुणालाही नाही.

छापण्यापूर्वी दोन चाचण्या. पोस्टरचा मोबाइलवर फोटो घेऊन तो काळा-पांढरा करा. अक्षरं पार्श्वभूमीत विरघळली, तर रंग चुकला. मग एक प्रत फलकावर लावा आणि नाटकाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी चार मीटरवर उभं करा, शक्यतो साठीच्या पुढच्या माणसाला. तीन आकडे मोजा, प्रत झाका आणि विचारा: कधी, कुठे, किती रुपये? एक जरी उत्तर अडलं, तर त्यांना समजावू नका. पोस्टर बदला.

या वर्षीची पहिली प्रत मी त्या आजोबांनाच दाखवणार आहे. त्यांनी यायचं कबूल केलंय.