‘एस’चा ‘एफ’ का झाला?

मागच्या हंगामात आमच्या गटाचा एक कर्जअर्ज परत आला. गगनबावड्याकडच्या एका मावशींनी पॅन नंबर फोनवर सांगितला होता. त्यांनी सांगितलेला ‘एस’ आम्ही ‘एफ’ ऐकला, तसाच लिहिला. खताचे पैसे आठवडाभर अडले. त्याच दिवशी इचलकरंजीच्या ताईंशी बोललो, तर आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा स्पष्ट. असं का, म्हणून आम्ही शोध घेतला.

फोन आपला आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो एका सेकंदाचे पन्नास तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचं वर्णन आकड्यांत पाठवतो. पलीकडचा फोन त्यावरून आवाज पुन्हा तयार करतो. हे काम करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुना कोडेक सेकंदाला साधारण ३४०० कंपनांपर्यंतचाच आवाज घेतो. ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. ती कापली गेली की ‘एस’ आणि ‘एफ’ सारखेच वाटतात. मोठ्यानं ओरडूनही उपयोग नाही, कापलेला भाग परत येत नाही. एचडीचा कोडेक ७००० कंपनांपर्यंत जातो. गंमत म्हणजे त्यासाठी फारसे जास्त आकडेही पाठवावे लागत नाहीत, नुसती पद्धत हुशार आहे.

पण एचडीला दोन्ही टोकं तशी लागतात, आणि मधलं नेटवर्कही. आमचा फोन नवा होता, मावशींचा मात्र टू-जीचा बटणांचा. मग दोघींनाही जुनाच आवाज मिळाला. नवा फोन असला तरी घाटात फोर-जी सुटलं की कॉल खालच्या नेटवर्कवर जातो आणि बोलता बोलता आवाज कोंदट होतो. कॉल चालू असताना बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर HD दिसतं. ते नसेल, तर सेटिंगमध्ये VoLTE चालू आहे का बघा.

आवाज तुटत असेल, यंत्रासारखा येत असेल, तर ते वेगळं. वाटेत तुकडे हरवतात आणि फोन आधीच्या तुकड्यावरून अंदाजानं जागा भरतो. तिथं चार पावलं उघड्यावर गेलं तर फरक पडतो. आणि एखादीचा आवाज सगळ्यांनाच, कुठूनही, दबका येत असेल तर तिच्या फोनच्या खालचं माइकचं भोक बघा. पीठ बसलेलं असतं, नाहीतर कव्हरनं झाकलेलं. आमच्यातल्या दोघींचं तेच निघालं.

मावशींचा फोन अजून तोच आहे. आता आम्ही ‘साताऱ्याचा एस’, ‘फुटबॉलचा एफ’ असं म्हणवून घेतो. शिवाय पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. मावशींच्या कार्डावरचं आडनाव ‘स’नं सुरू होतं आणि चुकलेलं अक्षर पाचवंच होतं. अर्ज देण्याआधी एवढं ताडून पाहिलं असतं, तर तिथंच कळलं असतं.