आधी वेळ बघा, मग हरकत घ्या

व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा आला की मंडळी दावेदाराचं नाव वाचतात, चिडतात आणि तडक हरकत घेतात. माझं मागणं एवढंच, की आधी त्यातली वेळ बघा.

वाण्याच्या उधारीच्या वहीत खालची बेरीज पाहून आपण भांडायला लागत नाही. कुठल्या तारखेला काय नेलं, ती ओळ आधी शोधतो. तसंच यूट्यूब स्टुडिओत करा. व्हिडिओंच्या यादीत Restrictions या रकान्यात Copyright दिसेल. त्यावर जाऊन See details उघडलं की कुठली सामग्री जुळली, दावेदार कोण आणि किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत जुळली, हे समोर येतं. हीच ती वहीतली ओळ.

एका कीर्तन मंडळाचं उदाहरण घेऊ. त्यांचं म्हणणं असं, ‘अभंग तुकोबांचा, सतराव्या शतकातला. त्यावर दावा कसला?’ दाव्यात वेळ होती शून्य ते एक मिनिट वीस सेकंद. तेवढं ऐकलं, तर कीर्तन सुरूच झालेलं नव्हतं. मांडवातल्या कर्ण्यावर कुणाचं तरी ध्वनिमुद्रित गाणं वाजत होतं. तुकोबांच्या नावानं हरकत घेतली असती, तर ती फेटाळली जाण्याचीच शक्यता मोठी. तेवढा तुकडा कापला की दावा उठतो.

आता समजा, जुळणी चौदाव्या मिनिटाला आहे, बुवा स्वतः गाताहेत आणि दावा चालीवर आहे. मग प्रश्न वेगळा. शब्द जुने असले, तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल, तर आपल्याकडे तिचा हक्क त्याच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. चाल परंपरागत असेल, तर हरकत जरूर घ्या आणि कारणात नेमकं तेच लिहा. म्हणून पुन्हा सांगतो, वेळ बघा, तो तुकडा कान देऊन ऐका, मग ठरवा.

हरकत घेतल्यावर तिची स्थिती त्याच पानावर दिसते. तिचं उत्तर यूट्यूब देत नाही, दावेदार देतो. त्याला 30 दिवस असतात. तो गप्प राहिला, तर दावा आपोआप सुटतो. त्याने दावा कायम ठेवला, तर बहुधा अपील करता येतं आणि तिथे मुदत 7 दिवसांची. पण अपीलही फेटाळलं गेलं, तर व्हिडिओ उतरवण्याची मागणी येऊ शकते आणि ती ग्राह्य ठरली, तर चॅनेलवर स्ट्राइक बसतो. नुसता दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, हे घाबरलेल्यांनी लक्षात ठेवावं.

कमाई सुरू असेल, तर दाव्यापासून 5 दिवसांत हरकत घ्या, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे पैसे निकाल लागेपर्यंत राखून ठेवले जातात. उशीर झाला, तर हरकतीच्या दिवसापासूनचेच. एका व्हिडिओवर अनेक दावे असतील, तर प्रत्येकाची ओळ वेगळी वाचावी लागते. तुमच्या व्हिडिओवर दावा असेल, तर आज त्यातली वेळ बघा आणि तेवढाच तुकडा ऐका. हरकत त्यानंतर.