‘अन’च्या आड

बाजारात मालाचा दोष झाकून विकणाऱ्या व्यापाऱ्याला अरबी माणूस जो शब्द वापरतो, तोच हदीसच्या अभ्यासकांनी उचलला: तदलीस. गंमत म्हणजे यात खोटं कुणीच बोलत नाही.

हदीस सांगणारा आधी साखळी सांगतो, मी अमक्याकडून, त्याने तमक्याकडून. ‘हद्दसना’ म्हणजे आम्हाला सांगितलं. ‘समिअतु’ म्हणजे मी ऐकलं. पण ‘अन’ म्हणजे नुसतं ‘कडून’. स्वतः ऐकलं की मध्ये कुणी होतं, हे ‘अन’ सांगत नाही. या आडोशाने मधला माणूस झाकणं, हीच तदलीस.

मक्केतले सुफियान बिन उयैना हे मोठे, विश्वासू विद्वान. एकदा त्यांनी थेट आपले गुरू जुहरी यांचं नाव घेऊन हदीस सुरू केली. कुणीतरी विचारलं, हे तुम्ही जुहरींकडून ऐकलंत? ते गप्प. पुन्हा तेच नाव, पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा कबूल केलं: जुहरींकडून नाही, त्यांच्याकडून ऐकणाऱ्याकडूनही नाही, अब्दुर्रज्जाकने मला सांगितलं, त्याला मअमरने, मअमरला जुहरींनी. मधली दोन माणसं गायब! जुहरींकडून त्यांनी इतर बरंच खरोखर ऐकलं होतं, म्हणून शंका येणं अवघड. मात्र इथे वगळलेले दोघेही भरवशाचे होते. वगळलेला माणूस कच्चा निघाला, तर सगळी साखळीच कोसळते.

हा झाला तदलीसचा एक प्रकार. दुसरा सौम्य: गुरू लपवायचा नाही, पण अनोळखी टोपणनावाने सांगायचा. सर्वांत वाईट ‘तस्विया’. हदीस सांगणारे वलीद बिन मुस्लिम स्वतःचा गुरू औजाई तसाच ठेवत आणि औजाईंच्या वरचा कमकुवत दुवा काढून टाकत. औजाईंच्या इतर शिष्यांच्या साखळ्या शेजारी ठेवल्या, तेव्हा हे उघड झालं, कारण तिथे तो माणूस होता.

शोध घेण्याची माझी आवडती हकीकत लैस बिन सअद यांची. इजिप्तहून ते मक्केत आले. तिथे हदीस सांगणाऱ्या अबू जुबैर यांनी त्यांना दोन वह्या दिल्या, जाबिर या सहाबींच्या हदीसांच्या. वह्या घेऊन लैस निघाले आणि वाटेत मनात आलं, हे सगळं यांनी जाबिरकडून स्वतः ऐकलंय का? परत फिरले, विचारलं. उत्तर आलं, काही ऐकलेलं, काही लोकांनी सांगितलेलं. मग लैस म्हणाले, ऐकलेल्यावर खूण करून द्या. अबू जुबैरनी खुणा केल्या. लैसनी तेवढंच पुढे नेलं.

म्हणून आजही अबू जुबैरची ‘अन’वाली हदीस लैसमार्फत आली, तर टीकाकार निर्धास्त असतात. इतरांमार्फत आली तर कडक टीकाकार दुसरीकडे ‘समिअतु’ सापडतं का ते बघतात. इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह’मध्ये मात्र लैसशिवाय आलेल्या अशा काही हदीसा आहेत, आणि त्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही.