गच्चीचा ढाळ आणि कोब्याचे माप

आपल्या परभणी जिल्ह्यातील धाब्याच्या घरांवर मृगापूर्वी पांढऱ्या मातीचा थर नव्याने पसरून त्याचा ढाळ पन्हाळीकडे राखण्याची तजवीज पिढ्यान्‌पिढ्या होत आली. सिमेंटच्या स्लॅबची घरे झाली, माती गेली. परंतु छतावरचे पाणी बाहेर काढण्याचे काम राहिलेच, आणि ते आता विटांच्या तुकड्यांच्या कोब्याकडे आले आहे. हा कोबा किती जाड घालावा, असे विचारले की गवंडी बहुधा "चार इंच" म्हणून मोकळा होतो. खरे पाहता कोब्याला एकच एक जाडी नसते. पाण्याचा पाइप कोठे बसविला आहे, यावरच ती ठरते.

तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब अशी गच्ची घेऊ. शंभर फुटांस एक फूट, म्हणजेच पंचवीस फुटांस तीन इंच, हा ढाळ सर्वमान्य आहे. पाइपाच्या तोंडाशी कोबा निदान अडीच इंच हवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामाच्या वर्णनातही तेथे किमान 65 मिलिमीटरच सांगितले आहेत. कारण खाली व वर सिमेंटच्या मसाल्याचे सुमारे पाऊण-पाऊण इंचाचे थर गेल्यावर विटेच्या तुकड्यासाठी तेथे जेमतेम इंचभर जागा उरते.

आता घरमालकाने एकच पाइप एका कोपऱ्यात बसविला, असे धरू. समोरचा कोपरा त्यापासून तिरकस मापाने पन्नास फूट पडतो. म्हणजे तेथे सहा इंचांची चढण, आणि कोबा साडेआठ इंच. सपाट उतरत्या पृष्ठाची सरासरी जाडी म्हणजे या दोन टोकांचा मध्य, साडेपाच इंच. बाराशे चौरस फुटांवर ते साडेपाचशे घनफूट, अर्थात साडेपाच ब्रास होतात. एका घनफुटाला सुमारे पंचावन्न किलो धरले, तर तीस टन वजन स्लॅबवर कायमचे बसते.

त्याच गच्चीच्या आखूड बाजूंच्या मध्यावर समोरासमोर दोन पाइप दिले, तर प्रत्येक पाइपाच्या वाट्याला वीस बाय पंधरा फुटांचे दोन तुकडे येतात. दूरचा कोपरा पंचवीस फुटांवर, चढण तीन इंच, सरासरी जाडी चार इंच, आणि कोबा केवळ चार ब्रास. दीड ब्रास माल व आठ टनांहून अधिक भार वाचतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की चारही कोपऱ्यांत चार पाइप दिले तरी तुकडे वीस बाय पंधराचेच पडतात आणि कोबा एका घमेल्यानेही कमी होत नाही. एखादा पाइप पाल्याने तुंबला तर दुसरा उपयोगी पडावा, हा त्या जादा पाइपांचा लाभ खराच. पण तो निराळा.

जाडीचा हिशेब चुकला की त्याचा पहिला दाखला जिन्याच्या दारात मिळतो. दार पाइपापासून दूरच्या कोपऱ्यात असेल आणि उंबरठा स्लॅबपासून सहा इंचच उचललेला असेल, तर साडेआठ इंचांचा कोबा त्याच्या वर जातो. मग गवंडी तेथे कोबा तासतो, ढाळ मोडतो, आणि दारापुढे पाणी साचते. कठड्यालगतही ढाळ मुळातच थोडा मंद असतो, म्हणून तेथील गोलसर वाटा गुळगुळीत घोटून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी पाणसळीने स्लॅबची पातळी पाहावी, कारण स्लॅब मध्ये किंचित दबलेला असला तर तेवढी जाडी वाढते. नंतर पाइपाच्या तोंडापासून दोऱ्या ताणून जागोजागी मसाल्याचे ठिपके द्यावेत व त्यांच्या उंचीनेच तुकडे बसवावेत. तुकडे पक्क्या भाजलेल्या विटांचे, पाण्यात भिजविलेले आणि उभे लावलेले असावेत. कच्ची वीट पाणी पिते, आणि काचेसारख्या खंगर विटेला मसाला धरत नाही. वरचा थर घोटण्याआधी चार बादल्या पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतावे, जेथे डबके राहील तेथे खडूने खूण करावी, आणि ती जागा त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावी. शेवटी काठ बांधून दोन आठवडे पाणी उभे ठेवले, म्हणजे कोबा मुरतो आणि गळतीची परीक्षाही होते.

कोब्याचा दर सामान्यतः चौरस फुटावर ठरतो, त्यामुळे जाडी कमी करण्यात कंत्राटदाराचा फायदा असतो. यास्तव आपणांस माझी विनंती आहे, की करारात नुसते क्षेत्रफळ न लिहिता पाइपाच्या तोंडाशी किती इंच व सर्वांत दूरच्या कोपऱ्यात किती इंच, हे दोन आकडे लिहून घ्यावेत. आणि पाइपांच्या जागा स्लॅब ओतण्यापूर्वीच नकाशावर निश्चित कराव्यात.