न लिहिलेला कर्ता



अध्यक्षाने अनुवादाच्या सगळ्याच प्रश्नांना हात घालावा अशी आपल्याकडे अपेक्षा असते. मी आज एकच प्रश्न घेणार आहे, कारण इटालियनमधून मराठीत येणाऱ्या पानांवर तो मला पुन्हा पुन्हा भेटतो: इटालियन लेखकाने कर्ता लिहिलेलाच नसतो, तेव्हा तो ओळखायचा कसा, आणि ओळखल्यावर मराठीत किंवा इंग्रजीत त्याचं करायचं काय?

आपल्याला वाटतं, यात अवघड ते काय? मराठीही कर्ता गाळतेच. ‘कुठे चाललास?’ ‘बाजारात जातोय.’ इथे ‘तू’ नाही, ‘मी’ नाही, आणि कुणाचं काही अडलेलं नाही. पण इटालियन क्रियापदाचा प्रत्यय जे सांगतो ते मराठीचा सांगत नाही, आणि मराठीचा जे सांगतो त्याची इटालियनला बहुतेक वेळा गरज नसते. ‘पार्लो’ म्हटलं की बोलणारा ‘मी’ आहे हे कळतं, पण बाई की पुरुष हे कळत नाही. मराठीत ‘बोलतो’ किंवा ‘बोलते’ यांतलं एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. इंग्रजीला लिंगाची फिकीर तृतीय पुरुषी एकवचनापुरती, पण उघड कर्ता मात्र तिला जवळजवळ प्रत्येक वाक्यात हवाच. थोडक्यात, एकाच इटालियन वाक्याला इंग्रजी एक प्रश्न विचारते आणि मराठी दुसरा.

आधी इटालियनची रीत पाहू. तिथे कर्ता वाटेल तेव्हा गाळत नाहीत. ज्याच्याविषयी बोलणं चालू आहे तोच पुढेही चालू असेल, तर सर्वनाम येत नाही. आलं, तर ते बातमी घेऊन येतं: माणूस बदलला, किंवा विरोध दाखवायचा आहे. मारिया नेल्ला कार्मिनाती यांनी 2002 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात इटालियन वाचकांवर प्रयोग करून हा कल दाखवला आहे. सर्वनाम नसेल तर वाचक आधीच्या वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो. ‘लुई’ किंवा ‘लेई’ असं उघड सर्वनाम असेल तर कर्त्याला सोडून दुसऱ्या व्यक्तीकडे. हा कल आहे, कायदा नव्हे. संदर्भ जोरदार असेल तर तो मोडतो. पण अनुवादकाने सुरुवात इथूनच करावी.

एक छोटा उतारा घेऊ. तो मी या भाषणासाठीच रचला आहे. ‘आन्ना आ तेलेफोनातो आ जूलिया आप्पेना ए आर्रीवाता आ बोलोन्या. एरा स्तांका. लेई इन्वेचे आवेवा वोल्या दि पार्लारे. आन्नो पार्लातो फीनो आ मेद्झानोत्ते. पोई आन्नो बुस्सातो. ए आंदाता आद आप्रीरे: एरा इल पोर्त्येरे देल्लाल्बेर्गो.’

पहिल्या वाक्यात आन्ना जूलियाला फोन करते, आणि ‘बोलोन्याला पोचल्याबरोबर’ या भागाला कर्ता नाही. ‘आर्रीवाता’चा शेवट स्त्रीलिंगी आहे; पण दोघीही बायका, तेव्हा त्या ‘आ’चा इथे काडीचा उपयोग नाही. एलेना फेर्रान्तेच्या कादंब‍ऱ्यांसारख्या दोन मैत्रिणींच्या गोष्टीत अनुवादकाची खरी परीक्षा होते ती याचमुळे. मग कल कामाला येतो: मुख्य वाक्याची कर्ती आन्ना, म्हणून पोचली ती आन्ना. मराठीत ‘बोलोन्याला पोचल्या पोचल्या आन्नाने जूलियाला फोन केला’ असं म्हटलं की काम झालं, कारण ‘पोचल्या पोचल्या’ स्वाभाविकपणे मुख्य कर्त्यालाच चिकटतं.

‘एरा स्तांका’, म्हणजे ‘दमली होती’. सर्वनाम नाही, साखळी तुटलेली नाही, म्हणून आन्नाच. पुढच्या वाक्यात मात्र ‘लेई’ उघड आलं आहे आणि बरोबर ‘इन्वेचे’ आहे. इथे गाडी जूलियाकडे वळली. हे वाक्य इंग्रजीत ‘शी वॉज टायर्ड. शी, हाउएव्हर, वॉन्टेड टू टॉक’ असं उतरवलं तर वाचक गोंधळून जाईल, कारण इंग्रजीत दोन्हीकडे ‘शी’च येतं आणि इटालियनने सर्वनामाच्या असण्या-नसण्यातून दिलेली खूण पुसली जाते. तिथे नाव लिहिणं हाच प्रामाणिक मार्ग. मराठीतही ‘ती दमली होती. ती मात्र…’ असं लिहू नये. ‘दमली होती. जूलियाला मात्र बोलायचं होतं.’ मुळात नाव नव्हतं म्हणून काही जण कचरतात. पण नाव घालणं ही इथे भर नाही; मूळ वाक्यात ते काम सर्वनाम करत होतं.

आता ‘आन्नो पार्लातो’ आणि लगेच ‘आन्नो बुस्सातो’. दोन्हीकडे तोच तृतीय पुरुषी अनेकवचनी ‘आन्नो’. पहिल्यात त्या दोघी मध्यरात्रीपर्यंत बोलल्या. दुसऱ्यात दार ठोठावलं. मग काय, दोघींनी ठोठावलं? दोघी फोनवर आहेत, वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. इटालियनमध्ये कर्ता अज्ञात असेल, सांगायचा नसेल, तर क्रियापद तृतीय पुरुषी अनेकवचनात ठेवण्याची रीत आहे. ठोठावणारा एकटा असला तरी. खूण अशी: हातातल्या माणसांना ती क्रिया जुळत नाही आणि नवं अनेकवचनी नाव कुठे आलेलं नाही. इंग्रजीत ‘देअर वॉज अ नॉक’. मराठीत आपण काय म्हणतो? ‘तेवढ्यात दार वाजलं.’ कर्ता शोधायचीही गरज नाही. ‘त्यांनी दार ठोठावलं’ असं छापील पुस्तकात दिसलं, तर अनुवादकाने प्रत्यय वाचला, पण प्रसंग वाचला नाही, हे नक्की समजावं.

राहिलं ‘ए आंदाता आद आप्रीरे’, दार उघडायला गेली. कोण? इथे कल कामाचा नाही. मधलं वाक्य अनामिकाचं, त्याआधीचं दोघींचं. उत्तर पुढे आहे: दारात हॉटेलचा पोर्टर होता. हॉटेलात आहे ती नुकती बोलोन्याला पोचलेली आन्ना. म्हणजे कर्ता कधी कधी मागे नव्हे, पुढे सापडतो. म्हणूनच वाक्यागणिक अनुवाद करत पुढे जाण्याची सवय घातक आहे. निदान परिच्छेद संपेपर्यंत लेखणी उचलू नये.

प्रत्यय स्वतःच अपुरा असतो अशाही जागा आहेत. संशयार्थक वर्तमानात ‘पार्ली’ हे रूप मी, तू आणि तो-ती अशा तिघांनाही चालतं. अशा वेळी ‘मी’ किंवा ‘तू’ असेल तर इटालियन माणूस सर्वनाम सहसा परत आणतो. ते नसेल तर तृतीय पुरुष धरून चालणं बहुधा बरोबर ठरतं. जुन्या ग्रंथांत आणखी जपावं लागतं. अपूर्ण भूतकाळात आज ‘मी’साठी ‘पार्लावो’ आणि ‘तो’साठी ‘पार्लावा’ असा भेद आहे, पण पूर्वी दोन्हीकडे ‘पार्लावा’ चालत असे. मान्झोनीने आपली कादंबरी 1827 मध्ये छापली आणि 1840-42 च्या आवृत्तीसाठी तिची भाषा सुधारली, तेव्हा ‘मी’साठी त्याने ‘ओ’कारान्त रूप स्वीकारलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचं पत्र किंवा आठवण हातात असेल, तर ‘आवा’ दिसताच ‘तो’ लिहून टाकू नये.

आदराचं तर विचारूच नका. ‘व्येने दोमानी?’ याचे तीन अर्थ होतात: तो उद्या येतोय का, ती उद्या येतेय का, आणि ‘आपण उद्या येता का?’ आदरार्थी ‘लेई’ला तृतीय पुरुषी क्रियापद लागतं, म्हणून समोरच्याशी बोलणं आणि तिसऱ्याविषयी बोलणं यांचं रूप एकच. मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये या ‘लेई’वर बंदी आणून ‘वोई’ची सक्ती केली, त्या काळातल्या कथेत ‘वेनीते’ दिसलं तर समोर एकच माणूस असू शकतो.

आता मराठीकडे. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे. सकर्मक भूतकाळात आपलं क्रियापद कर्त्याकडे सहसा पाहत नाही, कर्माकडे पाहतं. ‘ओ लेत्तो ला लेत्तेरा’ म्हणजे मी पत्र वाचलं. ‘आ लेत्तो ला लेत्तेरा’ म्हणजे त्याने किंवा तिने वाचलं. इटालियनमध्ये ‘ओ’ आणि ‘आ’ एवढ्या एका स्वराने माणूस बदलतो. कर्ता गाळून मराठीत लिहा: ‘पत्र वाचलं.’ दोन्हींचं तेच. ‘तू’ असेल तर ‘वाचलंस’ होतं, ‘तुम्ही’ असेल तर ‘वाचलंत’. बाकी सगळे त्या ‘वाचलं’मध्ये बुडून जातात. म्हणून जिथे मूळ लेखकाने सर्वनाम गाळूनही सगळं स्पष्ट ठेवलं आहे, तिथे आपल्याला ‘मी’ किंवा ‘तिने’ लिहावंच लागतं, विशेषतः माणूस बदलला असेल तिथे. आणि माणूस तोच असेल, तर उलट करावं: ‘तो उठला. त्याने चहा घेतला. तो बाहेर पडला’ हे मराठी नव्हे. ‘उठून, चहा घेऊन बाहेर पडला’ हे मराठी. ‘ऊन’ प्रत्यय एकाच कर्त्याची साखळी बांधतो, इटालियनच्या गाळलेल्या सर्वनामासारखीच.

कधी कधी मराठी इंग्रजीपेक्षा भाग्यवान ठरते. ‘तोर्ना दोमानी’ यात परतणारा पुरुष की स्त्री, हे लेखकाने मुद्दाम लपवलं असेल, तर इंग्रजीत सरळ ‘ही’ किंवा ‘शी’ लिहिताच ते फुटतं. मराठीत ‘उद्या परत येईल’ लिहा, रहस्य शाबूत राहतं, कारण भविष्यकाळात आपल्याकडे लिंगभेद नाही. याउलट इताल्यो काल्विनोची 1979 ची कादंबरी, हिवाळ्यातल्या रात्रीच्या प्रवाशाची, वाचकालाच ‘तू’ म्हणून सुरू होते. मराठीत ‘वाचतोस’ की ‘वाचतेस’ हे पहिल्याच पानावर ठरवावं लागतं. ‘तुम्ही वाचता’ लिहून सुटता येतं, पण मग ती सलगी गेली. पुढे हा वाचक पुरुष निघतो आणि सातव्या प्रकरणात तेच ‘तू’ वाचिकेकडे वळतं. हे ठाऊक असलेला अनुवादक ‘वाचतोस’ लिहील आणि सातव्या प्रकरणातला पालट क्रियापदातूनच ऐकू येईल.

मला खंत आहे ती इंग्रजीवाटे येणाऱ्या अनुवादांची. ‘व्येनी?’ आणि ‘व्येने?’ इंग्रजीत दोन्ही ‘आर यू कमिंग?’ होतात. मग मराठी अनुवादक ‘येतोस का’ आणि ‘येता का’ यांतलं एक अंदाजाने निवडतो, आणि सून सासऱ्याला अरेतुरे करू लागते. ‘आंद्यामो’चं ‘लेट्स गो’ झालं तर ‘चला, जाऊ या’ नीट उतरतं. पण ‘वी आर गोइंग’ झालं, की ‘आपण’ की ‘आम्ही’, हे मूळ प्रसंग पाहिल्याशिवाय कळत नाही. इटालियनमध्येही हा भेद रूपात नाही, तो कोण कोणाशी बोलतंय यात आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. अनुवादकांनी इंग्रजी प्रतीशेजारी इटालियन प्रत उघडी ठेवावी आणि संवाद व भूतकाळातली सकर्मक वाक्यं यांच्या समासात कर्त्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवावं. प्रत्यय ओळखण्यापुरतं इटालियन काही महिन्यांत येतं. आणि प्रकाशकांनी छपाईआधी हस्तलिखित इटालियन जाणणाऱ्या एका वाचकाकडून मुळाशी ताडून घ्यावं, आणि त्या कामाचं मानधन अनुवादकाच्या पैशांतून न कापता वेगळं द्यावं.