पाणी किती झिरपते, हे मोजायचे कसे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पायासाठी खड्डा खणला, की वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग खडक, असे थर बहुधा दिसतात. समजा, तिथल्या एका कारखान्याला सांडपाण्याचा तलाव करायचा आहे. तळाशी मुरूम लागला, तर सांडपाणी त्यातून थेट शेजारच्या विहिरींकडे जाऊ शकते. म्हणून तळावर काळ्या मातीचा थर दाबून बसवायचे ठरते. पण काळ्या मातीतून पाणी जात नाही, हे आपण नुसते म्हणतो. किती जात नाही, हे मोजावे लागते.

मोजण्याचा पाया फ्रान्समधील अभियंता हेन्री दार्सी याने १८५६ मध्ये घातला. वाळूतून वाहणारे पाणी हे वरच्या आणि खालच्या पातळीतील फरकाच्या प्रमाणात वाढते आणि थर जितका जाड तितके कमी होते, असे त्याला आढळले. हा फरक थराच्या जाडीइतकाच असताना पाणी ज्या वेगाने जाते, ती त्या मातीची पारगम्यता.

प्रयोगशाळेत माती दहा सेंटिमीटर व्यासाच्या, पावणेतेरा सेंटिमीटर उंचीच्या साच्यात भरतात. मुरूम किंवा वाळू असेल, तर ‘कॉन्स्टंट हेड’ चाचणी करतात. यात वरच्या टाकीतील पाण्याची पातळी ढळू देत नाहीत आणि खाली पडणारे पाणी मोजपात्रात धरतात. पातळीतील फरक पन्नास सेंटिमीटर ठेवला आणि एका मिनिटात १८५ मिलिलिटर पाणी जमले, तर पारगम्यता निघते सेकंदाला सेंटिमीटरचा शंभरावा भाग.

हीच पद्धत काळ्या मातीला लावली, तर दिवसभरात जेमतेम चार मिलिलिटर पाणी जमेल. तेवढे तर उघड्या भांड्यातून उडूनही जाईल. म्हणून तिच्यासाठी ‘फॉलिंग हेड’ चाचणी. साच्यावर एक सेंटिमीटर व्यासाची काचेची उभी नळी जोडतात. साच्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ नळीच्या शंभरपट असल्यामुळे मातीत शिरलेले थोडेसे पाणीही नळीत ठळक उतार दाखवते. आता पाणी साठवायचे नाही, नळीतील पातळी किती वेळात किती खाली आली, तेवढेच पाहायचे.

समजा, चोवीस तासांत पातळी शंभर सेंटिमीटरवरून नव्वदवर आली. हिशेबाने पारगम्यता येते सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या सुमारे दीडपट. आपल्याकडे घातक कचऱ्याच्या भरावाखालील चिकणमातीच्या थराला एक कोटीवा भाग हीच कमाल मर्यादा आहे. ती कसोटी आपल्या तलावाला लावली, तर ही माती नापास. मात्र माती वाईट आहे, असे लगेच म्हणू नये. दाबताना ती कोरडी असेल, तर ढेकळांमध्ये फटी राहतात. तीच माती थोडी अधिक ओली करून दाबली आणि आता पातळी चोवीस तासांत शंभरावरून पंचाण्णवलाच आली, तर उत्तर पाऊण कोटीवा भाग, म्हणजे पास.

आकडा खरा आहे, हे कसे ओळखायचे? नळीतील पाणी शंभरावरून नव्वदवर यायला जितका वेळ लागतो, तितकाच नव्वदवरून एक्याऐंशीवर यायला लागला पाहिजे, कारण दोन्ही वेळा पातळी दहावा हिस्साच उतरते. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ लागला, तर माती पुरती भिजलेली नव्हती. ती अजून पाणी पीत होती, फुगत होती. काळ्या मातीला भिजायला कित्येक दिवस द्यावे लागतात. मुरमात उलट अडचण असते. कणांत अडकलेले हवेचे बुडबुडे वाट अडवतात आणि मुरूम आहे त्याहून घट्ट वाटतो. साच्याच्या कडेने फट राहिली, तर आकडा फुगतो.

शेवटची गोष्ट प्रयोगशाळेबाहेरची. साच्यातील माती सतत ओली असते. तलाव मात्र उन्हाळ्यात रिकामा पडला, तर त्याच काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगेतून जाणाऱ्या पाण्याला एक कोटीव्या भागाचे बंधन नसते. शिवाय चाचणी साध्या पाण्याने होते. आम्ल किंवा क्षार असलेले सांडपाणी मातीची घडण बदलू शकते. म्हणून चाचणीचा अहवाल हाती आला, की तळावरची माती उघडी सुकू देणार नाही ना आणि चाचणी त्याच सांडपाण्याने एकदा केली का, हे दोन प्रश्न कंत्राटदाराला जरूर विचारावेत.