अर्धशिशी, डोळ्यांपुढची नागमोडी रेघ आणि हृदय

(महिला सभेत दिलेले भाषण)



कपाळाला सुंठेचा लेप लावून अंधाऱ्या खोलीत पडून राहणारी एखादी आत्या किंवा मावशी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. त्या अर्धशिशीच्या एकाच प्रकाराविषयी आज आम्ही बोलणार आहोत. काही स्त्रियांना डोके दुखू लागण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ दिसते. ती हळूहळू पसरते, आणि वाचताना मधलीच अक्षरे नाहीशी झाल्यासारखी वाटतात. कोणाच्या बोटांत मुंग्या येऊन त्या हातावरून गालापर्यंत चढतात. पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत हे चालते आणि मग बहुधा डोके ठणकू लागते. या पूर्वसूचनेला डॉक्टर 'ऑरा' म्हणतात.

ऑरा असलेल्या स्त्रियांना हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका अधिक असतो. हे वाक्य ऐकून घाबरण्यापूर्वी 'अधिक' म्हणजे किती, ते पाहू. अमेरिकेत पंचेचाळीस वर्षे व त्यावरील सुमारे 27,800 स्त्रियांची वीस वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. तिचे आकडे 2020 साली प्रसिद्ध झाले. ऑरा नसलेल्या हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू आला; ऑरा असलेल्या हजारांत तिघींहून थोड्या जास्त. 'धोका दीडपटीहून अधिक' असे छापले की छातीत धस्स होते. 'हजारात वर्षाकाठी एकीची भर' म्हटले की तीच गोष्ट आपल्या मापाची वाटते. दोन्ही खरे आहे. पण आपल्या डॉक्टरांना विचारावे ते दुसऱ्या पद्धतीने. ऑरा नसलेल्या साध्या अर्धशिशीत असा वाढलेला धोका या पाहणीत आढळला नाही. त्या स्त्रिया मुख्यतः गोऱ्या आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्या होत्या, तेव्हा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र ध्यानात घ्यावी.

ही जास्तीची एक कोण असेल, हे कोणी आधी सांगू शकत नाही. परंतु ऑराच्या जोडीला दुसरी कारणे आली की धोका वाढतो, एवढे पक्के माहीत आहे. समजण्यासाठी एक बाई कल्पू या. वय अडतीस, विसाव्या वर्षापासून नागमोडी रेघ दिसते, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. पाळी नियमित व्हावी म्हणून तिला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या दिल्या आहेत. रक्तदाब 150/96. दवाखान्यात ती इतकेच म्हणाली, "डोकं दुखतं." डोळ्यांचे तिने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. आमच्या मते सगळी गाठ इथेच आहे.

तिने रेघेचे सांगितले असते तर ती गोळी दिलीच गेली नसती. इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याचा कल वाढतो, म्हणून ऑरा असलेल्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाची गोळी घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तांबी किंवा केवळ प्रोजेस्टेरॉन वर्गातील गोळी, असे पर्याय आहेत. तिने डॉक्टरांशी बोलून बदल करावा. मिश्री म्हणजे तंबाखूच. 'आम्ही कुठे विडी ओढतो?' हे उत्तर रक्तवाहिन्यांना पटत नाही. रक्तदाब एकदा मोजून थांबू नये. आठवडाभर घरी, पाच मिनिटे शांत बसून, सकाळ-संध्याकाळ मोजावा व कागद डॉक्टरांना दाखवावा. लोणचे-पापडासह दिवसाचे मीठ पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढ्यात बसवावे. रोज अर्धा तास झपाट्याने चालावे. साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

अर्धशिशीचे झटके कमी केले म्हणजे हृदयाचा धोकाही कमी होतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. झटक्यांवर उपचार जरूर करावेत, पण ते दुखणे थांबावे म्हणून. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी 'ट्रिप्टान' वर्गातील गोळ्या घेऊ नयेत. शेजारणीने सांगितले म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये. त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

शेवटी एक खूण सांगतो. ऑरा हळूहळू चढते आणि तासाभरात उतरते. एकाएकी हातातली शक्ती गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका डोळ्याने दिसेनासे झाले, तर 'नेहमीचीच अर्धशिशी' म्हणून निजून राहू नये. लागलीच मोठे रुग्णालय गाठावे, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आणि ऑरा आयुष्यात प्रथमच पन्नाशीनंतर दिसली, तर ती अर्धशिशीचीच आहे असे धरून न चालता डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.